आडनावाचा रकाना आणि तमिळ नाव

तमिळनाडूतल्या बहुतेक माणसांना आडनाव नसते. असते ते स्वतःचे एक नाव, आणि त्याच्या आधी वडिलांच्या नावाचे पहिले अक्षर. मुरुगेसन यांचा मुलगा कार्तिकेयन असेल तर शाळेच्या पटावर तो ‘एम. कार्तिकेयन’ असतो. त्याला मुलगी झाली आणि तिचे नाव निला ठेवले, तर ती ‘के. निला’ होते. आजोबांचा ‘एम’ नातीपर्यंत पोहोचत नाही. दर पिढीला अक्षर बदलते. मराठी माणसाच्या नावातही वडिलांचे नाव असते, पण ते मधे बसते आणि शेवटी कुळाचे किंवा गावाचे आडनाव येते, जे नातवालाही तसेच मिळते. तमिळ नावात हा तिसरा भागच नाही. फॉर्मवरचा ‘आडनाव’ हा रकाना मात्र नेमका तोच भाग मागतो, आणि बहुतेक संगणकीय फॉर्म तो भरल्याशिवाय पुढे सरकत नाहीत.

आडनाव नसणे म्हणजे घराण्याची ओळख नसणे असे नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या नावातले ‘चंद्रशेखर’ हे त्यांच्या वडिलांचे नाव. रामन यांच्या थोरल्या भावाचे नाव सुब्रह्मण्यन. त्या सुब्रह्मण्यन यांच्या मुलाला आजोबांचे नाव मिळाले आणि तो सुब्रह्मण्यन चंद्रशेखर झाला. काकांना १९३० साली नोबेल मिळाले, पुतण्याला १९८३ साली. दोघांचे आजोबा-वडील एकच घर, पण दोघांना जोडणारे एकही आडनाव नाही. जग ज्या नावाने पुतण्याला ओळखते, ज्या नावावरून ताऱ्यांच्या वस्तुमानाची ‘चंद्रशेखर मर्यादा’ सांगितली जाते, ते आडनाव नसून त्यांचे स्वतःचे नाव आहे.

पूर्वी तमिळ नावांच्या शेवटी अनेकदा जातिवाचक शब्द असे: अय्यर, अय्यंगार, मुदलियार, नाडार, पिळ्ळै, नायकर. फॉर्मच्या दृष्टीने पाहिले तर हे शब्द आडनावाची जागा सहज भरू शकले असते. पण फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टूला भरलेल्या स्वाभिमान चळवळीच्या पहिल्या प्रांतिक परिषदेत नावामागची जातिवाचक बिरुदे सोडून देण्याचा ठराव झाला. पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांनी स्वतःच्या नावातले ‘नायकर’ टाकून दिले. पुढच्या काही दशकांत ही रीत सर्व थरांत पसरली. त्यामुळे आज एखाद्या तमिळ व्यक्तीला ‘मग आडनाव म्हणून जात लिहा की’ असे सुचवणे म्हणजे तिच्या आजोबा-पणजोबांनी विचारपूर्वक सोडलेली गोष्ट तिच्या गळ्यात पुन्हा बांधणे होय. कारकुनाच्या टेबलापाशी हा सल्ला अजूनही दिला जातो, आणि तो देणाऱ्याला त्यातले वजन क्वचितच ठाऊक असते. महाराष्ट्रात, विशेषतः मुंबईत, पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या अनेक तमिळ कुटुंबांनी अय्यर किंवा नाडार हे आडनाव म्हणून ठेवले आहे, त्याला इथल्या फॉर्मची सवय हेही एक कारण आहे. मात्र ज्यांनी ते ठेवलेले नाही, त्यांच्यावर ते लादण्याचे काही कारण नाही.

इनिशियल हे निव्वळ संक्षेप नसते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. तमिळ लिपीत ते रोमन अक्षर नसून पहिले अक्षर स्वरासह असते. तमिळ वर्तमानपत्रात ‘एम. के. स्टालिन’ असे न छापता ‘मु. क. स्टालिन’ असे छापतात. ‘मु’ म्हणजे आजोबा मुत्तुवेल, ‘क’ म्हणजे वडील करुणानिधी. वडील स्वतः ‘मु. करुणानिधी’ होते. स्टालिन यांच्या मुलाचे नाव मात्र सगळीकडे ‘उदयनिधी स्टालिन’ असे लिहिले जाते: वडिलांचे नाव आता पूर्ण आहे आणि ते मागे गेले आहे. एकाच घरातल्या तीन पिढ्यांत अक्षर समोरून मागे आणि मग पूर्ण शब्द होऊन शेवटी कसे आले, हे यात दिसते. शहरी तमिळ तरुणांमध्ये ही शेवटची पद्धत वाढली आहे, आणि तिच्यामागे आडनावाच्या रकान्याचा हात मोठा आहे.

रकाना दोन वेगळ्या गोष्टी विचारतो

अडचण नीट समजून घ्यायची तर ‘सरनेम’ आणि ‘लास्ट नेम’ या दोन शब्दांपासून सुरुवात करावी लागते. फॉर्मवर ते एकमेकांच्या बदली वापरले जातात, पण पहिला शब्द वंशाने आलेल्या नावाबद्दल विचारतो आणि दुसरा केवळ नावातल्या शेवटच्या शब्दाबद्दल. युरोपीय नावात दोन्हींचे उत्तर एकच असते, म्हणून तिथे फरक पडत नाही. ‘मुरुगेसन कार्तिकेयन’ या नावात मात्र फरक पडतो. वंशाने आलेले म्हणावे असे जे काही आहे ते ‘मुरुगेसन’, पण ते पहिले आहे. शेवटचा शब्द ‘कार्तिकेयन’, पण ते त्याचे स्वतःचे नाव आहे. म्हणजे एका रकान्याची दोन समर्थनीय उत्तरे आहेत, आणि भारत सरकारच्याच दोन खात्यांच्या रिवाजांत ती दोन्ही उत्तरे रूढ झाली आहेत.

पॅन कार्डासाठी अनेक वर्षे चालत आलेल्या ४९-ए या अर्जाच्या सूचनांमध्ये नेमके असेच एक नाव उदाहरण म्हणून दिलेले होते: एम. एस. कंदस्वामी, म्हणजे मदुरै सोमसुंदरम कंदस्वामी. त्यात आडनावाच्या रकान्यात कंदस्वामी हे स्वतःचे नाव, पहिल्या नावाच्या रकान्यात मदुरै हे गाव आणि मधल्या रकान्यात सोमसुंदरम हे वडिलांचे नाव लिहायला सांगितले होते. ज्यांचे नाव एकाच शब्दाचे आहे त्यांनीही तो शब्द आडनावातच लिहायचा. या पद्धतीचा एक ठसा पॅन क्रमांकातच उमटतो. दहा अक्षर-अंकांच्या या क्रमांकातले चौथे अक्षर धारकाचा प्रकार सांगते, व्यक्तीसाठी ते ‘P’ असते. आणि पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. कुलकर्णींच्या पॅनमध्ये पाचव्या जागी ‘K’ येतो तो कुलकर्णीमुळे. कार्तिकेयनच्या पॅनमध्येही ‘K’ येतो, पण तो त्याच्या स्वतःच्या नावामुळे. त्याच्या कार्डावर नाव छापले जाते `MURUGESAN KARTHIKEYAN`, आणि खाली वडिलांच्या नावाच्या ओळीत पुन्हा `MURUGESAN`.

पासपोर्टच्या अर्जात दोनच रकाने असतात: ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’. गिव्हन नेम म्हणजे पहिले नाव आणि असल्यास त्यापुढे मधले नाव, असा खुलासा रकान्याशेजारीच असतो. गिव्हन नेम भरावेच लागते, सरनेम रिकामे ठेवता येते. तमिळ अर्जदारांमध्ये इथे वडिलांचे पूर्ण नाव सरनेममध्ये घालण्याची रीत पडली आहे. म्हणजे कार्तिकेयन पॅनच्या दफ्तरी आडनावाने कार्तिकेयन आहे, आणि पासपोर्टच्या दफ्तरी आडनावाने मुरुगेसन. माणूस एक, शब्द तेच दोन, पण रकाने उलटे.

आधार कार्डावर नावाचा एकच सलग रकाना आहे आणि आडनाव वेगळे मागितले जात नाही. तमिळ नावाला ही सर्वांत मानवणारी रचना आहे. तरीही तिथे ‘एम कार्तिकेयन’, ‘कार्तिकेयन एम’ आणि ‘कार्तिकेयन मुरुगेसन’ ही तिन्ही रूपे सापडतात, कारण नोंदणी करणाऱ्याने समोरच्या कागदावर जे दिसले ते टंकले. एक बारीक चूक वारंवार होते: ‘M.Karthikeyan’ असे टिंबानंतर जागा न सोडता लिहिलेले असते, पुढचा संगणक टिंब गाळतो, आणि नाव `MKARTHIKEYAN` असा एकच शब्द होऊन बसते. पॅन आणि आधार जोडताना किंवा बँकेत खाते पडताळताना ‘नाव जुळत नाही’ असा निरोप येतो, त्याच्या मुळाशी अनेकदा ही हरवलेली जागा असते. निरोप आला की आधी दोन्ही दफ्तरांतली नावे अक्षरशः समोरासमोर ठेवून रिकाम्या जागा मोजाव्यात.

एका नावाच्या चार मांडण्या

समजा, तिरुनेलवेलीचा कार्तिकेयन पहिल्यांदा पासपोर्ट काढतो आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर त्याचे नाव `KARTHIKEYAN M` आहे. पासपोर्टमध्ये इनिशियल चालत नाही, ते उलगडून लिहावे लागते. त्याच्यापुढे चार मांडण्या आहेत, आणि प्रत्येकीचा परिणाम वर्षानुवर्षे त्याच्याबरोबर राहणार आहे.

पहिली मांडणी सर्वांत साधी आणि सर्वांत त्रासाची: गिव्हन नेममध्ये `KARTHIKEYAN`, सरनेम रिकामे. इनिशियल गाळून टाकले की प्रश्न मिटला, असे तेव्हा वाटते. भारतात मिटतोही. पण अमेरिकेच्या व्हिसासाठी डीएस-१६० हा अर्ज भरताना सूचना अशी आहे की पासपोर्टवर एकच नाव असेल तर ते सरनेममध्ये लिहावे, आणि गिव्हन नेम नसेल तिथे `FNU` लिहावे. ही तीन अक्षरे म्हणजे ‘पहिले नाव अज्ञात’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे. व्हिसावर छापले जाते: आडनाव कार्तिकेयन, नाव `FNU`. तिथे पोहोचल्यावर विद्यापीठाचे ओळखपत्र, बँकेचे कार्ड, वाहन परवाना या गोष्टी व्हिसाच्या कागदांवरून तयार होतात, आणि ती तीन अक्षरे खऱ्या नावासारखी सगळीकडे पसरतात. वर्गात हजेरी घेताना कुणी त्याला ‘फ्नू’ अशी हाक मारते. ज्याचे नाव आईवडिलांनी कुलदैवताचे म्हणून ठेवले, त्याला ‘अज्ञात’ या शब्दाच्या अक्षरांनी बोलावले जाणे ही छोटी गोष्ट नाही.

एकशब्दी नावाची दुसरी अडचण आखातात आली. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर केवळ एक शब्द असलेल्या प्रवाशांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश न देण्याचा नियम लावला. विमान कंपन्यांनी प्रवासी विमानतळावरच थांबवले. नंतर खुलासा झाला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा कुटुंबाचे नाव असेल तर ते धरले जाईल. भारतीय पासपोर्टच्या शेवटच्या पानावर वडिलांचे नाव छापलेले असते, त्यामुळे अनेकांची सुटका झाली. तमिळनाडू आणि केरळातून आखातात जाणाऱ्यांची संख्या पाहता हा नियम कोणाला सर्वाधिक लागला असेल हे सांगायला नको.

दुसरी मांडणी: गिव्हन नेममध्येच दोन्ही शब्द, `KARTHIKEYAN MURUGESAN`, आणि सरनेम रिकामे. नाव एकशब्दी राहत नाही, पण सरनेम रिकामेच असल्याने अमेरिकन अर्जात दोन्ही शब्द मिळून आडनाव होतात आणि नाव पुन्हा `FNU`. विमानाच्या तिकिटाच्या संगणकालाही आडनाव हवेच असते. मग कोणी शेवटचा शब्द आडनावात टाकतो, कोणी पहिला, कोणी एकच शब्द दोन्हीकडे लिहितो. आडनाव नसलेल्यांनी काय लिहावे याचे प्रत्येक विमान कंपनीचे उत्तर वेगळे आहे, म्हणून तिकीट काढण्याआधी त्याच कंपनीला विचारणे भाग पडते.

तिसरी मांडणी: सरनेममध्ये `KARTHIKEYAN`, गिव्हन नेममध्ये `MURUGESAN`. हा पॅनचा क्रम. पासपोर्ट आणि पॅन जुळतात, औपचारिक पत्रात ‘श्री. कार्तिकेयन’ असा योग्य उल्लेख होतो, आणि शोधनिबंधाखाली आडनाव म्हणून त्याचे स्वतःचे नाव येते, जसे चंद्रशेखर यांचे आले. अडचण येते ती पहिल्या नावाने हाक मारणाऱ्या कार्यालयात. तिथे सगळे त्याला ‘मुरुगेसन’ म्हणू लागतात, म्हणजे दिवसभर वडिलांच्या नावाने हाक. तमिळ घरांत मुले वडिलांचे नाव सहसा तोंडाने उच्चारतही नाहीत. बुद्धिबळाचे विश्वविजेते विश्वनाथन आनंद यांच्या बाबतीत हेच झाले: आनंद हे त्यांचे नाव, विश्वनाथन वडिलांचे, पण परदेशी खेळाडूंनी पहिला शब्द ते स्वतःचे नाव समजून त्याचे लाडके रूप केले, आणि ‘विशी’ जगभर रूढ झाले.

चौथी मांडणी: गिव्हन नेममध्ये `KARTHIKEYAN`, सरनेममध्ये `MURUGESAN`. दोन्ही रकाने भरलेले, कुठेही `FNU` नाही, आणि सहकारी त्याला त्याच्याच नावाने हाक मारतात. ‘मिस्टर मुरुगेसन’ ऐकले की वडील आठवतात, एवढी किंमत मोजावी लागते. प्रवास, परीक्षा आणि नोकरी या तिन्ही ठिकाणी सर्वांत कमी अडणारी मांडणी हीच आहे, आणि पहिल्यांदा पासपोर्ट काढणाऱ्याने दुसरे काही सबळ कारण नसेल तर हीच निवडावी. आधीच काढलेल्या पॅनशी क्रम उलटा होतो हे खरे, पण शब्द तेच राहतात आणि पॅनच्या नोंदीत दुरुस्ती करता येते. परदेशी व्हिसावर छापून गेलेले नाव बदलणे त्याहून कितीतरी अवघड आहे.

पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळी

विमानतळावरचे यंत्र पासपोर्टवरचे वरचे रकाने वाचत नाही. ते वाचते पानाच्या तळाशी छापलेल्या दोन ओळी, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यांचा नमुना ठरवून दिलेला आहे. पहिल्या ओळीत आधी कागदाचा प्रकार आणि देश, मग मुख्य नाव, मग दोन चिन्हे, आणि मग उरलेले नाव. चौथ्या मांडणीत कार्तिकेयनची ओळ अशी दिसते:

```
P<INDMURUGESAN<<KARTHIKEYAN<<<<<<<<<<<<<<<<<
```

दोन नावांच्या मधली `<<` ही जोडी महत्त्वाची आहे. तिच्या आधीचे ते मुख्य नाव, म्हणजे व्यवहारात आडनाव. नंतरचे ते दुय्यम. एकच चिन्ह असेल तर ती दोन शब्दांमधली नुसती जागा. नमुन्याचा नियम असा की ज्या नावाचे असे दोन भाग पडत नाहीत, ते सगळे मुख्य नावातच जाते. म्हणजे आडनाव नसणाऱ्याचे संपूर्ण नाव यंत्राच्या लेखी आडनाव ठरते. व्हिसावरच्या `FNU` मागेही हाच तर्क आहे. कोणी अधिकाऱ्याने तमिळ नावाबद्दल केलेली ती हेळसांड नसते. दोन कप्प्यांच्या साच्यात एक कप्पा रिकामा पडला की साचा तो असा भरतो.

या ओळीत टिंबाला जागा नाही, आणि नावासाठी एकूण ३९ जागा आहेत. इनिशियल उलगडले की दक्षिणेकडील नावे किती लांबतात हे माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या नावावरून पाहता येते. अवुल पकीर जैनुलाबदीन अब्दुल कलाम, यातले जैनुलाबदीन हे वडील. रोमन अक्षरे आणि मधली चिन्हे मिळून या नावाला ३६ जागा लागतात. आणखी एक गावाचे नाव पुढे जोडले असते तर ओळ संपून शेवट छाटला गेला असता. म्हणून ज्यांच्या नावापुढे गाव आणि वडील अशी दोन अक्षरे आहेत, त्यांनी गावाचे अक्षर शाळेच्या दाखल्यात नसेल तर ते पासपोर्टात मुद्दाम आणू नये.

विमानाच्या आरक्षणातही असेच दोन कप्पे असतात. तिथे नाव `MURUGESAN/KARTHIKEYAN MR` असे, आडनाव आधी, तिरप्या रेषेनंतर नाव, असे साठवले जाते. तिकीट काढताना क्रम पॅनसारखा उलटा पडला तरी कधी कधी चालून जाते, पण प्रवासाआधी नावांची यादी ज्या देशाला पाठवली जाते तिथे पासपोर्टशी ताडून पाहिले जाते. तिकिटातले दोन कप्पे पासपोर्टच्या दोन कप्प्यांशी जुळावेत, एवढाच नियम लक्षात ठेवला तरी बहुतेक खोळंबे टळतात. जीआरई, टोफेल यांसारख्या परीक्षांच्या नोंदणीतही हाच नियम, कारण परीक्षा केंद्रावर पासपोर्ट हातात घेऊनच नाव तपासतात.

ज्या नोंदणीत माणसांनी स्वतःहून वाट काढली आहे अशी एक जागा म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची खेळाडूंची यादी. तिथे आनंद ‘Anand, Viswanathan’ असे आहेत, म्हणजे स्वतःचे नाव आडनावाच्या जागी. पुढच्या पिढीतले गुकेश आणि प्रज्ञानंद मात्र ‘Gukesh D’ आणि ‘Praggnanandhaa R’ असे आहेत: स्वल्पविराम नाही, आडनाव नाही, शाळेच्या दाखल्यावरचे नाव जसेच्या तसे. आणि नाशिकचे विदित गुजराथी, ज्यांना आडनाव आहे, ते त्याच यादीत ‘Vidit, Santosh Gujrathi’ असे नोंदले गेले. दक्षिणेकडच्या साच्यात एक मराठी नाव बसवले की काय होते, याचा हा उलटा नमुना.

इतर दाक्षिणात्य नावे

सगळी दाक्षिणात्य नावे तमिळ नावासारखी नसतात, आणि पुढे अक्षरे दिसली की ती वडिलांचीच असे धरणे चुकीचे ठरते. तेलुगू नावात घराण्याचे नाव असते, त्याला ‘इंटिपेरू’ म्हणतात, आणि ते पहिले येते. पी. व्ही. नरसिंह राव यांचा ‘पी’ म्हणजे पामुलपर्ती, पी. व्ही. सिंधू यांचा ‘पी’ म्हणजे पुसर्ला. हे खरे आडनाव आहे, फक्त पुढे आहे. ते उलगडून सरनेममध्ये लिहिले की प्रश्न सुटतो. ‘राव’ला आडनाव समजणे ही मराठी वाचकाकडून सहज होणारी चूक. केरळात पुढची अक्षरे पुष्कळदा घराच्या नावाची असतात, पी. टी. उषा यांच्या नावात आहेत तशी. कर्नाटकात गाव आणि वडील दोन्ही येतात: एच. डी. देवेगौडा म्हणजे हरदनहळ्ळीचे दोड्डेगौडा यांचे पुत्र देवेगौडा. नाव कोणत्या प्रांतातले आहे आणि अक्षर कशाचे आहे, हे त्या व्यक्तीला विचारल्यावाचून कळत नाही.

इनिशियल उलगडताना

अक्षराचा शब्द करताना सर्वांत जास्त चुका स्पेलिंगमध्ये होतात. शाळेत नुसता ‘M’ होता, त्यामुळे वडिलांचे नाव रोमन लिपीत कसे लिहायचे हे मुलाने कधी ठरवलेलेच नसते. तो `MURUGESAN` लिहितो. वडिलांच्या आधारवर `MURUGESHAN` असते आणि मतदार यादीत तिसरेच काही. मुलाच्या पासपोर्टातले वडिलांचे नाव आणि वडिलांच्या स्वतःच्या कागदांतले नाव यांत एका अक्षराचा फरक पडला, तर पुढे आईवडिलांना भेटीसाठी बोलावताना नाते सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्रे करावी लागतात. म्हणून अर्ज भरण्याआधी वडिलांचा पासपोर्ट, तो नसेल तर आधार समोर ठेवून त्यातलेच स्पेलिंग उचलावे.

आधी एकशब्दी नावाने पासपोर्ट निघाला असेल तर तो पुन्हा काढताना ‘वैयक्तिक तपशिलात बदल’ हे कारण नोंदवून आडनावाचा रकाना भरता येतो. वडिलांचे जे नाव शेवटच्या पानावर आधीपासून छापलेले आहे तेच सरनेममध्ये आणायचे असेल, तर कागद सोपे पडतात, कारण नवे काही सांगायचे नसते. याआधी कोणत्याच कागदावर नसलेला शब्द, समजा गावाचे नाव, आडनाव म्हणून घ्यायचा असेल तर तो सरळ नामबदल होतो आणि राजपत्रातील प्रसिद्धीसारखे सोपस्कार मागे लागतात. दुरुस्ती परदेशी व्हिसासाठी अर्ज करण्याआधी करावी. व्हिसा जुन्या नावावर आणि पासपोर्ट नव्या नावावर असे झाले की पुढच्या प्रत्येक कागदासोबत दोन्ही पासपोर्ट दाखवत राहावे लागते.

स्त्रियांच्या बाबतीत एक जादा निर्णय असतो. लग्नाआधी सेल्वराज यांची मुलगी कविता ही ‘एस. कविता’ असते. लग्नानंतर पुष्कळ जणी पतीचे अक्षर घेतात आणि ‘के. कविता’ होतात. घरगुती व्यवहारात हा बदल एका अक्षराचा, पण पासपोर्टच्या भाषेत तो आडनावाचा बदल ठरतो: सेल्वराजच्या जागी कार्तिकेयन. पदवीची प्रमाणपत्रे जुन्या अक्षराने असल्यामुळे मग प्रत्येक ठिकाणी विवाह नोंदणीचा दाखला जोडावा लागतो. अक्षर बदलण्याची कायद्याने सक्ती नाही, आणि शिक्षण किंवा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या स्त्रियांनी वडिलांचेच नाव पासपोर्टात ठेवणे जास्त सोयीचे पडते.

शेवटचा प्रश्न निलाचा. तिचा जन्म महाराष्ट्रात झाला असेल तर १ मे २०२४ पासूनच्या नियमानुसार तिचे नाव स्वतःचे, आईचे, वडिलांचे आणि आडनाव अशा क्रमाने लिहिले जाईल, आणि चौथ्या जागी काय लिहायचे हे आईवडिलांना ठरवावे लागेल. पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिले छापले जाते, त्यामुळे तो निर्णय तिथे सर्वांत आधी दिसतो. तमिळ रीत पाळायची तर चौथा शब्द कार्तिकेयन, आणि मग तो वडिलांच्या जागीही येतो, आडनावाच्या जागीही. वडिलांच्या पासपोर्टातले मुरुगेसन घेतले तर बापलेकीचे आडनाव एक होते, पण मग आजोबांचे नाव कायमचे कुळनाव बनते; परदेशात स्थायिक झालेल्या अनेक तमिळ कुटुंबांत असेच एका आजोबांचे नाव पुढच्या सर्व पिढ्यांचे आडनाव होऊन बसले आहे. पहिला पर्याय निवडला तर निलाच्या पासपोर्टावर आडनाव `KARTHIKEYAN` आणि तिच्या वडिलांच्या पासपोर्टावर `MURUGESAN` असेल. परदेशी विमानतळावर दोघांची आडनावे वेगळी का असे विचारले जाते, तेव्हा तिच्या पासपोर्टाचे शेवटचे पान उघडून तिथे छापलेले वडिलांचे पूर्ण नाव दाखवावे, आणि जन्मदाखल्याची इंग्रजी प्रत हाताशी ठेवावी.